रविवारी मासे, बुधवारी चिकन, शुक्रवारी अंडी आणि चार दिवस शाकाहार: शिल्लक न उरणारा आठवड्याचा मेनू

आमच्या घरी पाच माणसं. मी, बायको, दहावीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि आई. आई नॉनव्हेजला हात लावत नाही, अंडंसुद्धा नाही, आणि बाकीच्यांचंही सोमवारी (महादेव), मंगळवारी (गणपती), गुरुवारी (गजानन महाराज) आणि शनिवारी (मारुती) घरात काही शिजत नाही. म्हणजे उरले तीन दिवस, रविवार, बुधवार, शुक्रवार. नागपुरात असं बऱ्याच घरात असतं, वार थोडे इकडेतिकडे होतात एवढंच.

आता कॅलेंडर समोर घेऊन एकदा पाहा. या तीन दिवसांपैकी प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवशी शाकाहारी वार आहे. रविवारनंतर सोमवार, बुधवारनंतर गुरुवार, शुक्रवारनंतर शनिवार. ज्यांच्याकडे असे वार नाहीत ते रविवारचा रस्सा सोमवारी डब्यात नेतात आणि विषय संपतो, आपल्याला ते जमत नाही, रात्री भांड्यात जे उरलं ते उरलंच. नवीन लोक मेनू लिहायला बसले की आधी पदार्थांची यादी करतात, चिकन कोणतं, मासे कोणते, आणि मग दोन आठवड्यात फ्रिजमध्ये डब्यांवर डबे चढतात. माझं म्हणणं असं की असा मेनू शिल्लकेवरून उलटा लिहायचा. कोणत्या दिवशी किती तुकडे लागतात ते आधी, पदार्थ मग.

मी हे शिकलो ते दीड किलोच्या ऐवजी अडीच किलोचा कतला आणून. बाजारात मोठा मासा दिसला, स्वस्तात देतो म्हणाला, घेतला. रविवारी दोन्ही वेळा खाल्ला तरी रात्री पाच तुकडे रश्श्यात उरले. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी डबा उघडला तर वासानंच समजलं. तो डबा फेकला ते ठीक, पण मधल्या दोन दिवसात फ्रिजमधल्या दह्याला तो वास लागला आणि आईनं ते दही तोंडाला लावलं नाही, तीन दिवस काही बोलली नाही पण ताटात ताक आलं की वाटी बाजूला सरकवायची. त्यानंतर मी तुकडे मोजायला लागलो.

आधी वार बदलून पाहा

सगळ्यांच्या डोक्यात रविवार म्हणजे चिकन असतं. आमच्याकडेही होतं. मी ते उलटं केलं, रविवार मासे आणि बुधवार चिकन, आणि कारण साधं आहे. माशाला वेळ लागतो, तुम्हाला सकाळी जावं लागतं, पारखून घ्यावा लागतो, साफ करून घरी आणून पुन्हा धुवावा लागतो, मिठाहळदीत ठेवावा लागतो, आणि हे सगळं झाल्यावर तो त्याच दिवशी संपवावा लागतो. हे ऑफिसवरून सात वाजता घरी येणाऱ्या माणसाचं काम नाही. चिकनचं तसं नसतं. चिकनचं दुकान रात्रीपर्यंत उघडं, समोर कापून देतो, पाऊण तासात रस्सा तयार. आणि अंडी तर फ्रिजमध्येच पडलेली असतात, म्हणून ती शुक्रवारी, जेव्हा आठवडाभराचा थकवा आलेला असतो आणि कोणालाच बाजारात जायचं नसतं.

म्हणजे जे लवकर खराब होतं ते मोकळ्या दिवशी, जे टिकतं ते धावपळीच्या दिवशी. तुमच्याकडे वार वेगळे असतील तर वार तुमचे ठेवा, क्रम हाच ठेवा.

एक सांगतो, आपल्या नागपुरात मोहल्लेसुद्धा वारांच्या नावाचे, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, आणि मेनू ठरवताना आमच्या घरी खरोखर एकदा असं झालं की मी म्हटलं "बुधवारी चिकन" आणि आईनं विचारलं, "तिकडे एवढ्या दूर कशाला जातो, इथल्याच दुकानातून आण ना."

रविवार: मासे

सकाळी आठच्या आत बाजारात पोचायचं, उन्हाळ्यात तर सातच्या आत. मी भोईपुऱ्याकडे जातो, कधी घराजवळच्या बाजारात. नागपूर समुद्रापासून लांब, त्यामुळे आपली रोजची मासळी गोड्या पाण्याची, रोहू, कतला, मृगळ, कधी मरळ, कधी झिंगे. बरीचशी रोहू-कतला आंध्रकडून बर्फात येते, तलावाची ताजी असेल तर मासळीवाली ते आधीच सांगते आणि भावही तसाच सांगते. पापलेट-सुरमई मिळते पण ती फार प्रवास करून आलेली असते, नवशिक्यानं तिच्यापासून सुरुवात करू नये.

घेताना मासळीवाल्याच्या बोलण्याकडे कमी आणि गलफड्याकडे जास्त लक्ष द्या. गलफडा उचलून दाखवायला सांगा, लाल असायला पाहिजे, तपकिरी किंवा करडा झाला असेल तर पुढच्या टोपलीकडे जा. डोळा बाहेर आलेला आणि चकचकीत पाहिजे, आत बसलेला धुरकट डोळा म्हणजे शिळा. पोटावर बोट दाबा, खड्डा भरून आला पाहिजे. वासाचा थोडा गोंधळ होतो म्हणून सांगतो, तलावाच्या रोहूला चिखलासारखा, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असतो, तो खराब झाल्याचा वास नाही. तो पाण्यातल्या शेवाळ्यापासून आणि तळाच्या गाळातल्या जंतूंपासून माशात उतरतो आणि घरी आणून मीठ, हळद, लिंबू लावून वीस मिनिटं ठेवलं की बराच जातो, आंबटानं तो तुटतो, म्हणून आपले लोक चिंच किंवा दही लावतात. खराब माशाचा वास वेगळा, तो नाकात टोचतो, आणि तो कितीही लिंबू लावलं तरी जात नाही.

आता मोजणी. आमच्याकडे मासे खाणारे चार. दुपारी मी तीन तुकडे, बायको दोन, मुलगी दोन, मुलगा एक. झाले आठ. रात्री थोडंसं लागतं, दोन तुकडे आणि मुंडकं. म्हणजे दहा तुकडे आणि एक मुंडकं. एवढं मिळतं साधारण दीड किलोच्या अख्ख्या रोहूतून. खवले, पोटातलं, पर काढून जवळपास पाव भाग जातो, मुंडकं बाजूला झालं की उरलेल्या धडाचे ऐंशी-नव्वद ग्रॅमचे दहा-अकरा तुकडे पडतात. म्हणून मी मासळीवालीला किलोत सांगतच नाही, मी म्हणतो "दीडच्या आसपासचा दाखवा, दहा तुकडे करून द्या, मुंडकं दोन भाग." ती हसते पण करून देते.

मुलांना कोणता तुकडा द्यायचा हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. रोहू आणि कतल्याच्या पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात बारीक दोन फाट्यांचे काटे असतात, ते दिसत नाहीत आणि घशात अडकतात ते तेच. पोटाकडच्या तुकड्यात, ज्याला पेटी म्हणतात, फक्त मोठे बरगडीचे काटे असतात, ते सहज काढता येतात. म्हणून मुलाला पेटीचा तुकडा आणि शेपूट माझ्या ताटात. मरळमध्ये हे बारीक काटे जवळजवळ नसतात, मुलांच्या घरी तो चांगला, पण महाग आणि नेहमी मिळत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा मासे प्लास्टिकच्या पिशवीत गाडीला लटकवून, वाटेत भाजी, मग पेपर, मग चहा, असं करत घरी यायचं नाही. झाकणाचा स्टीलचा डबा आणि थोडा बर्फ घेऊन जा, मासे शेवटी घ्या, सरळ घरी या. एवढ्या तापात कच्चे मासे बाहेर तासाभराच्या वर राहू द्यायचे नाहीत.

रस्सा करताना नवीन माणसाची एकच चूक होते, मासे आधी टाकतो आणि मग पळीनं हलवतो, आणि ताटात काट्यांचं पिठलं येतं. आधी कांदा-खोबरं-लसणाचं वाटण तेलात नीट परतून तेल सुटू द्या, चिंचेचं पाणी आणि गरम पाणी घाला, रस्सा चांगला उकळला की तुकडे एकेक करून सोडा, आच कमी करा, आठ-दहा मिनिटं. मध्ये हलवायचं असेल तर भांडं दोन्ही हातांनी धरून फिरवायचं, पळी नाही. वरून सांबार चिरून टाकायचा (पुण्याकडच्यांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचा नाही).

आईच्या जेवणाचं त्या दिवशी वेगळं असतं, वरण-भात, भाजी. तिचं आधी शिजवून झाकून ठेवायचं, मग मासे. उलटं केलं तर तिला एक वाजेपर्यंत थांबावं लागतं आणि कढई तिच्या आधी आपण वापरल्याचा वाद होतो. माशाची कढई आणि तवा आमच्याकडे वेगळाच आहे, गॅलरीत लटकलेला असतो, कोणी विचारायची गरज पडत नाही.

रात्री मुंडकं आणि ते दोन तुकडे रश्श्यासोबत संपतात, मुलाला वरण-भात. भांडं घासून पुसून ठेवलं की सोमवार सुरू व्हायला मोकळा.

सोमवार आणि मंगळवार, हा मेनूतला सगळ्यात कठीण पट्टा

ओळीनं दोन शाकाहारी दिवस हे दोनच, आणि नवीन लोकांचा मेनू इथेच मोडतो. सोमवारी आलू, मंगळवारी फुलगोबी, आणि मंगळवारी रात्री मुलगी "बाबा आज अंडं तरी करा ना" म्हणून राहिली असते. प्रॉब्लेम नॉनव्हेज नसण्याचा नसतो, दोन दिवस ताटात काही भरीव नसण्याचा असतो. म्हणून या चारही दिवशी ताटात एक कडधान्य किंवा बेसनाचा पदार्थ आणि दही-ताक, एवढं नक्की ठेवायचं, बाकी भाजी जी बाजारात असेल ती.

रविवारी रात्री भांडी घासताना एक वाटी बरबटी किंवा काळे चणे भिजत घालायचे. बरबटी म्हणजे चवळी, ती चार-पाच तासात भिजते, चण्याला रात्रभर लागते. सोमवारी सकाळी चण्याच्या कुकरला पाच-सहा शिट्ट्या, बरबटीला दोन-तीन पुरतात. विसरलात तर मुगाची डाळ, तिला भिजवायची गरज नाही.

मंगळवारी मात्र पाटोडी रस्सा, हा माझा ठरलेला. कारण ज्याला सावजीचा झणका हवा असतो त्याला तो इथे मिळतो, मसाला तोच, तर्री तीच, फक्त चिकनऐवजी बेसनाची वडी. एक वाटी बेसन, पावणेदोन वाट्या पाणी. तेलात जिरं, लसूण, मिरची, हळद, मीठ घालून पाणी उकळायचं, त्यात बेसन एका हातानं टाकत दुसऱ्या हातानं हलवत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, झाकण ठेवून बारीक आचेवर वाफ आणायची. गोळा भांड्याच्या कडा सोडतो आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही, तेव्हा शिजलं. तेल लावलेल्या ताटलीत थापून वड्या पाडायच्या. रस्सा वेगळा उकळायचा आणि वड्या पानात वाढताना वरून टाकायच्या. आधीच रश्श्यात टाकून ठेवल्या तर त्या फुगतात, विरघळतात, आणि तर्रीचं पिठलं होतं, हे मी दोनदा करून पाहिलंय.

रश्श्याच्या मसाल्यासाठी महिन्यातून एकदा सुकं खोबरं, धणे, खसखस, शहाजिरं, मिरे, लवंग, तेजपान, दगडफूल, थोडी सुंठ, हे वेगवेगळं मंद भाजून दळून ठेवायचं. जवारीचं पीठ वेगळं भाजून ठेवायचं, रस्सा दाट करायला चमचाभर पुरतं. बरणी एक, पण त्यातून मसाला काढायचा चमचा नेहमी कोरडा आणि स्वयंपाकाच्या भांड्यात न बुडलेला. बरणीत ओलावा गेला तर बुरशी येते, आणि चिकनच्या रश्श्यातला चमचा बरणीत गेला तर मंगळवारी आईच्या पाटोडीला तो चालत नाही. आम्ही शेवटी दोन छोट्या बरण्या केल्या, एकीच्या झाकणावर लाल टिकली लावली.

बुधवार: चिकन

चिकनमध्ये मोजणीचा गोंधळ वेगळा. दुकानदार भाव जिवंत कोंबडीचा सांगतोय की सोललेल्या मांसाचा हे आधी विचारा. चामडी काढून साफ केल्यावर जिवंत वजनाच्या दोनतृतीयांशच्या आसपास हातात येतं. आम्हाला चौघांना एका वेळेला आठशे ग्रॅम पुरतं, म्हणजे जिवंत सव्वा किलोपेक्षा थोडी कमी. मध्यम तुकडे करायला सांगितले की चौदा-पंधरा निघतात, मी चार, बाकी तिघं तीन-तीन, एखाद-दोन वाढीव, ते कोण खातं हे सांगायची गरज नाही. गुरुवारी सकाळी भांडं रिकामं.

तुम्हाला वाटेल, एक किलो घेतलं तर काय बिघडतं. बिघडतं असं की उरलेले पाच तुकडे गुरुवारी कोणी खात नाही, आणि शुक्रवारी खाल्ले तर अंड्याचा दिवस बिघडतो, मग अंडी पुढच्या आठवड्यात जातात आणि सगळं चक्र सरकतं. जास्त आणायचंच असेल तर शिजवण्याआधी, कच्चं असताना बाजूला काढा, घट्ट डब्यात, फ्रीझरमध्ये, डब्यावर तारीख. शिजवून उरलेलं हा शिल्लकेचा प्रॉब्लेम आहे, कच्चं ठेवलेलं हा साठा आहे. फ्रीझरमधलं काढायचं असेल तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून सोडा, ओट्यावर नाही, आणि एकदा सुटलं की पुन्हा गोठवायचं नाही. फ्रिजच्या साध्या कप्प्यात कच्चं चिकन दोन दिवसांच्या वर नको. उन्हाळ्यात लाइट जाऊन राहिली असेल तर फ्रीझरवर भरोसा ठेवूच नका, तेवढंच आणा जेवढं खायचं.

फ्रिजमध्ये कच्चं मांस सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. वरच्या कप्प्यात दूध, दही, आईचं सगळं. वरून खाली थेंब पडू शकतो, खालून वर नाही, एवढं साधं आहे.

रोटेशन म्हणजे पदार्थ फिरवायचे, प्राणी नाही. मी चार बुधवारांचे चार प्रकार ठरवलेत. पहिल्या बुधवारी सावजी रस्सा, दुसऱ्या बुधवारी सुकं, कमी तेलाचं आणि पोळीसोबत, तिसऱ्या बुधवारी दह्यात मुरवलेलं, कमी तिखट, कारण मुलाची परीक्षा किंवा कोणाचं पोट काहीतरी असतंच, आणि चौथ्या बुधवारी पुलाव, ज्यात आठशेऐवजी सहाशे ग्रॅमच लागतं कारण भात पोट भरतो. यातला मुरवायचा प्रकार सोडला तर बाकी सगळे ऑफिसवरून येऊन होतात. दह्याचं असेल तर मंगळवारी चिकन आणू नका, बुधवारी सकाळी आणून दह्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

शुक्रवार: अंडी

अंडी हा या सगळ्या मेनूचा स्टेपनी टायर आहे. मासे चांगले मिळाले नाहीत, चिकनचं दुकान बंद, रविवारी पाहुणे, कशालाही अंडी. म्हणून अंड्यांचा हिशोब दोन भागात ठेवायचा, ठरलेली आणि राखीव.

शुक्रवारची ठरलेली सात. मी दोन, बायको दोन, मुलगी दोन, मुलगा एक. चार शुक्रवारांची अठ्ठावीस. तीसचा एक ट्रे म्हणजे महिना आणि वर दोन. थंडीत मी ट्रेच आणतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो, तीन-चार आठवडे छान टिकतात. मेमध्ये दुकानाच्या बाहेर उन्हात ठेवलेला ट्रे घेऊ नका, पंधराच आणा, सावलीतल्या दुकानातून. आणल्या आणल्या धुऊन ठेवायची सवय असेल तर सोडा, कवचावर एक बारीक थर असतो तो धुतल्यानं जातो आणि आत जंतू शिरायला वाट होते, शिजवायच्या वेळीच धुवा. शंका आली तर खोल भांड्यात पाणी घेऊन अंडं सोडा, आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालेल, तरंगलं तर फेका.

उकडायला जुनीच अंडी घ्या, ताज्या अंड्याचं साल निघता निघत नाही, पांढरं त्याच्यासोबत येतं. पाण्याला उकळी आली की दहा मिनिटं, मग थंड पाण्यात. अंडा करीला सातही उकडून त्यांना काट्याच्या चमच्यानं दोन-तीन टोचे, फल्लीतेलात हळद-मीठ लावून परतायची, मग रश्श्यात. एखाद्या शुक्रवारी भुर्जी, एखाद्या शुक्रवारी ऑम्लेटच्या पट्ट्या कापून रश्श्यात, मुलांना ते आवडतं कारण काही तोडावं लागत नाही.

अंड्याची गंमत ही की ते मोजून शिजवता येतं, सात शिजवली तर सात संपतात, म्हणून शनिवारचं टेन्शनच नाही. तरी भुर्जीत मोजणी लपते, दोन जास्त फोडली तर कळत नाही आणि वाटीभर उरते. भुर्जीच्या दिवशी सहाच.

गुरुवार आणि शनिवार

गुरुवारी आमच्याकडे बेसन, म्हणजे पिठलं, आणि भाकर. शेगावच्या महाराजांचा आवडता नैवेद्य तोच, सोबत अंबाडीची भाजी मिळाली तर फारच चांगलं. याला वीस मिनिटं लागतात आणि आदल्या रात्रीच्या चिकनच्या जड जेवणानंतर पोटालाही बरं वाटतं. शनिवारी गोळाभात, वरून हिंग-मोहरीचं गरम तेल, सोबत कढी. गोळ्यांचं बेसन घट्ट भिजवायचं, सैल झालं की ते भातात पसरतात.

मंगळवारी पाटोडी, गुरुवारी पिठलं, शनिवारी गोळाभात, म्हणजे तीन दिवस बेसनच होतं असं बायको म्हणते आणि ते बरोबर आहे. त्यामुळे एकाआड एक शनिवारी गोळाभात काढून मुगाच्या डाळीची खिचडी. बेसनानं कोणाला गॅस होत असेल तर दोनच ठेवा.

मासे न मिळाल्यास आणि मध्येच उपास आल्यास

रविवारी बाजारात जाऊन गलफडे पाहून रिकाम्या हातानं परत आलात तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका आणि "आलोच आहे तर" म्हणून मिळेल ते उचलू नका. राखीव अंडी रविवारी वापरा, आणि शुक्रवारी अंडी पुन्हा नकोशी वाटली तर जवळा. सुका जवळा घट्ट डब्यात महिना-दोन महिने राहतो, फक्त डबा घरात नको, गॅलरीत. कढईत कोरडा भाजून, चाळून, लसूण-मिरचीसोबत परतायचा. वास येतो, खिडक्या उघडा, आईला आधी सांगा.

महिना सुरू झाला की दिनदर्शिकेत पेन्सिलनं पाहायचं, संकष्टी, एकादशी, अमावस्या कोणत्या वारी येते. बुधवारी संकष्टी आली तर चिकन गुरुवारी जात नाही, मंगळवारीही जात नाही, तो बुधवार तसाच सोडायचा आणि शुक्रवारी अंड्यांच्या जागी चिकन आणायचं. अंडी थांबतात. रविवारी आली तर मासे त्या आठवड्यापुरते गेले, बुधवारी ऑफिसवरून मासळी बाजारात संध्याकाळी जाऊन उरलेली घ्यायचा मोह आवरा, दिवसभर बर्फ वितळून पुन्हा टाकलेली असते ती.

श्रावणात हा अख्खा मेनू भिंतीवरून काढून ठेवतो. तेव्हा शाकाहारी चार दिवसांचे पदार्थ सात दिवसांवर पसरायचे असतात, आणि तेव्हा लक्षात येतं की बेसनावर आपण किती टेकलो होतो, मग पोपटाचे, म्हणजे ओल्या वालाचे, दाणे नसतात त्या दिवसात म्हणून वाळलेले वाल, मटकी, राजमा, पनीर, सगळं फिरवावं लागतं. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबती निघाल्या की संध्याकाळी चिकनच्या दुकानासमोर रांग असते. मी त्या दिवशी जात नाही. गणपती येतात चार दिवसात, त्यामुळे परत शिल्लक उरवायला जागाच नसते, अंड्यांचा नवा ट्रेही तेव्हा आणत नाही, बाप्पा बसेपर्यंत डझनभर पुरतात आणि शेवटची दोन ऑम्लेटमध्ये जातात.